क्लासच्या हजेरी अ‍ॅपसाठी डेव्हलपरला काय लिहून द्यायचं? एक पूर्ण उदाहरण

फ्रीलान्सरकडून काम करून घेण्यावरच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारणा क्लासवाल्यांची आली. "सर, हजेरीचं अ‍ॅप करून घ्यायचंय, डेव्हलपरला नेमकं काय सांगू?" व्हिडिओत बोर्डावर मावलं तेवढंच दाखवता आलं. इथे एक पूर्ण उदाहरण घेऊ, वेळापत्रक आणि पैशांच्या टप्प्यांसकट.

बहुतेक जण डेव्हलपरला व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज टाकतात: "क्लाससाठी अटेंडन्स अ‍ॅप पाहिजे. पालकांना मेसेज गेला पाहिजे. किती होतील?" तिघांना हा मेसेज पाठवा, एक 18 हजार सांगेल, दुसरा 65 हजार, तिसरा पावणेदोन लाख. आणि गंमत म्हणजे तिघंही खोटं बोलत नसतात. पहिल्याच्या डोक्यात एक साधी यादी आणि टिकमार्क आहे. तिसऱ्याच्या डोक्यात पालकांचं वेगळं अ‍ॅप, फी, परीक्षा, सगळं आलंय. तुम्ही काय मागितलं हेच तिघांना वेगवेगळं समजलंय. मग तुम्ही 18 हजारवाला पकडता आणि तिसऱ्या महिन्यात "हे तर ठरलंच नव्हतं" यावरून वाजतं.

उदाहरणासाठी एक क्लास धरू. तालुक्याचं गाव, आठवी ते दहावी, 6 बॅचेस, 170 मुलं, सर स्वतः आणि 3 शिक्षक. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, तुमचे घाला.

आधी दुखणं लिहा, मग अ‍ॅप

ब्रीफच्या पहिल्या परिच्छेदात "अ‍ॅप" हा शब्दसुद्धा नसला तरी चालेल. आपल्या सरांनी असं लिहावं:

"आमच्याकडे हजेरी वहीत होते. मुलगा घरून क्लासला म्हणून निघतो आणि येत नाही, हे आम्हाला वर्गात कळतं पण घरी कळत नाही. पालकांना महिनाअखेरीस कळतं, तेव्हा भांडण होतं. मला हे हवंय की मुलगा आला नाही तर बॅच सुरू झाल्यापासून 20 मिनिटांत पालकांच्या फोनवर मेसेज जावा. आणि चुकीचा मेसेज एकही जाऊ नये."

शेवटचं वाक्य सगळ्यात महाग आहे. मेसेज पाठवणं सोपं. चुकीचा मेसेज न जाणं, हे खरं काम. मुलगी वर्गात बसली आहे आणि आईला "तुमची मुलगी क्लासला आलेली नाही" असा मेसेज गेला, तर त्या घरात पुढची दहा मिनिटं काय होतं याचा विचार करा. असे दोन मेसेज गेले की पालक तिसऱ्या, खऱ्या मेसेजकडे बघत नाहीत. मग अ‍ॅप असून नसल्यासारखं.

म्हणून ब्रीफचा निम्मा भाग एकाच गोष्टीवर खर्च करा: शिक्षक वर्गात शिरल्यापासून मेसेज जाईपर्यंत मिनिटामिनिटाला काय होतं.

त्या वीस मिनिटांत काय काय घडतं

बॅच 5 ची आहे. शिक्षक 5.10 ला फोन काढतात. समोर त्या बॅचची 30 नावं. आता तीसवेळा बोट दाबायचं का? नाही. साधारण तीन-चार मुलं गैरहजर असतात, म्हणून सगळे हजर धरून फक्त गैरहजरांवर बोट दाबायचं. ही सोय सगळ्यांना सुचते. तिच्यातला खड्डा मात्र सहसा लक्षात येत नाही. शिक्षक त्या दिवशी हजेरी घ्यायलाच विसरले तर? सगळे हजर धरलेले, म्हणजे अ‍ॅप म्हणणार 30 पैकी 30 हजर. म्हणून ब्रीफमध्ये स्पष्ट वाक्य हवं: "शिक्षक शेवटचं 'हजेरी पूर्ण' बटण दाबत नाहीत तोपर्यंत त्या बॅचसमोर 'हजेरी घेतली नाही' असंच दिसेल. 5.15 पर्यंत बटण दाबलं नाही तर सरांच्या फोनवर सूचना येईल."

पुढे, 5.10 ला हजेरी झाली आणि 5.13 ला दोन मुलं धापा टाकत आली. सायकल पंक्चर, नेहमीचंच. तर मेसेज लगेच जायचा नाही, 5.20 ला जायचा. तोपर्यंत शिक्षक त्या नावावर पुन्हा बोट दाबून हजर करू शकतात. 5.20 नंतर कोणी आलं तर "उशिरा" असं बटण, आणि पालकांना दुसरा मेसेज: पोचली, 5.35. हा दुसरा मेसेज विसरू नका. पहिल्या मेसेजने घाबरलेल्या माणसाला सोडवणारा तोच आहे.

आता नेट. क्लासची खोली म्हणजे कुठेतरी तळमजला नाहीतर मागची बाजू, रेंज येते-जाते. त्यामुळे "नेट नसताना हजेरी फोनमध्ये साठेल आणि नेट आल्यावर पुढे जाईल" हे वाक्य बरेच जण लिहितात. छान. पण नेट रात्री 8 ला आलं तर? अ‍ॅप शहाण्यासारखं साठवलेलं सगळं पाठवणार, आणि रात्री 8 ला पालकांना कळणार की मुलगा 5 च्या बॅचला आला नव्हता. आणि तो तर समोर बसून जेवतोय, नाहीतर त्याहून वाईट, समोर नाहीये. म्हणून नियम लिहा: "बॅच सुरू झाल्यापासून 50 मिनिटं उलटून गेली असतील तर आपोआप मेसेज जाणार नाही. ती नावं सरांच्या फोनवर यादीत दिसतील, सर स्वतः फोन करतील." आणि ती यादीही नेटशिवाय दिसणार नाही, म्हणून रेंज नाही असं दिसलं की शिक्षकांनी बाहेर येऊन सरांना तोंडी सांगायचं, हे क्लासने आपलं आपण ठरवायचं. ते काम अ‍ॅपचं नाही.

दोन गोष्टी अजून, ज्या फक्त क्लासवाल्यालाच माहीत असतात, डेव्हलपरला नाही. एक, आज 5 च्या बॅचचा मुलगा लग्नाला जायचं म्हणून सकाळी 7 च्या बॅचला बसून गेला. संध्याकाळी त्याला गैरहजर धरलं तर चुकीचा मेसेज गेलाच. तेव्हा कुठल्याही बॅचमध्ये "पाहुणा" म्हणून दुसऱ्या बॅचचं नाव घेता आलं पाहिजे, आणि त्या दिवसापुरती त्याची मूळ बॅच माफ. दुसरं, दोन बहिणी एकाच क्लासला असतात आणि दोघींसमोर एकच मोबाईल नंबर असतो. डेव्हलपरने मोबाईल नंबर हीच ओळख धरली, तर दुसरी बहीण यादीत जाणारच नाही किंवा पहिलीचं नाव पुसून बसेल. "एका नंबरवर एकापेक्षा जास्त मुलं असू शकतात, एका मुलामागे दोन नंबर असू शकतात." एवढी एक ओळ कामाच्या सुरुवातीला फुकट आहे. शेवटी सांगितली तर आठवडा जातो.

मेसेज कसला, आणि किती अक्षरांचा

एसएमएस की व्हॉट्सअ‍ॅप, हे तुम्हीच ठरवा, डेव्हलपरवर सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आपोआप मेसेज पाठवायची अधिकृत सशुल्क सोय आहे, त्यात मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. "सर, मी आपल्या साध्या व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायचा जुगाड करून देतो" असं कोणी म्हणालं तर हात जोडा. तो नंबर बंद पडू शकतो, आणि तोच तुमच्या क्लासच्या बोर्डावर छापलेला असतो.

आपल्या सरांनी एसएमएस निवडला, कारण काही पालकांकडे साधे फोन आहेत. इथे एक सरकारी पायरी आहे. भारतात धंद्याच्या नावाने असे एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या नियमांप्रमाणे टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर घ्यावं लागतं आणि मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. ही नोंदणी क्लासच्या नावाने, क्लासच्या कागदपत्रांवर होते. डेव्हलपर फार तर फॉर्म भरायला मदत करेल. कागद अडला की महिना निघून जातो, म्हणून हे काम करार झाला त्याच दिवशी सुरू करायचं, मेसेजची वेळ आल्यावर नाही.

मजकूर ठरवताना अक्षरं मोजा. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांपर्यंत एक धरला जातो, मराठी फक्त 70. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. हा मजकूर बघा: "आर्या आज सायं. 5 च्या बॅचला 5.20 पर्यंत हजर नाही. कृपया संपर्क करा." मोकळ्या जागा धरून 67 भरतात, बसला. आता आर्याच्या जागी ज्ञानेश्वरी घाला. 73! त्याच मेसेजला दोनाचे पैसे. आणि यात क्लासचं नाव अजून आलेलंच नाही. "कृपया संपर्क करा" काढून टाकलं तर ज्ञानेश्वरीसाठीही 55 होतात आणि क्लासच्या नावाला 15 जागा उरतात. पालक तसेही फोन करतातच, त्यांना विनंती करायची गरज नसते.

काय नको, हेही लिहा

पालकांसाठी वेगळं अ‍ॅप नको. मेसेज जातोय तेवढं पुरे. फी नको, परीक्षेचे मार्क नको, चेहरा ओळखून हजेरी नको, अंगठा नको. "सध्या नको, पुढे हवं असेल तर वेगळा दर ठरेल" असं लिहून टाका. याने दर लगेच खाली येतो, आणि पुढे तुम्हालाच मोह झाला तर कागद आडवा येतो.

पालकांचं अ‍ॅप नको म्हटल्यावर आणखी एक डोकेदुखी वाचते. गुगल प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खात्यातून अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायचं तर आधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस ते चाचणीसाठी वापरावं लागतं. आपले वापरणारे 4 आहेत. मग खुलं करायचंच कशाला? प्ले स्टोअरवर इंटर्नल टेस्टिंग म्हणून सोय आहे, त्यात 100 जणांपर्यंत अ‍ॅप देता येतं. चार शिक्षकांना तेवढं भरपूर. खातं मात्र सरांच्या ईमेलवर, सरांच्या नावाने. एकदाच भरायची फी 25 डॉलर आहे, ती सरांनी भरायची.

वेळापत्रक क्लासच्या वर्षाप्रमाणे

डेव्हलपर आठवडे मोजतो, क्लासवाल्याने सीझन मोजायचा. नव्या बॅचेस जूनच्या मध्यात भरतात. त्या दिवशी नवीन मुलं, नवीन पालक, आणि नवीन अ‍ॅप, तिन्ही एकदम नकोत. म्हणून दहावीच्या सुट्टीतल्या बॅचवर मे महिन्यात चाचणी झाली पाहिजे. तिथून उलटं मोजत या.

आपल्या उदाहरणात काम 1 एप्रिलला सुरू. 7 एप्रिलपर्यंत सगळे स्क्रीन कागदावर किंवा चित्रात. 25 एप्रिलपर्यंत हजेरीचा भाग. 9 मेपर्यंत मेसेज. 11 ते 23 मे एका बॅचवर चाचणी. मेअखेर दुरुस्त्या. जूनचे पहिले दोन आठवडे मुद्दाम मोकळे ठेवलेत, नव्या मुलांची नावं भरायला आणि जे काही लांबेल त्याला. 15 जूनला सगळ्या बॅचेस.

आणि एक अट स्वतःवर घालून घ्या: "डेव्हलपरने दाखवायला पाठवलेल्या कामावर मी 3 दिवसांत उत्तर देईन. उत्तर दिलं नाही तर तेवढे दिवस पुढची तारीख सरकेल." माझ्या ओळखीतला एक डेव्हलपर म्हणतो, क्लासवाल्यांची कामं रखडतात ती बहुतेक वेळा सर फोन उचलत नाहीत म्हणून, कोडिंगमुळे नाही. त्यात तथ्य आहे. संध्याकाळी 4 ते 9 तुम्ही वर्गात, तो रात्री काम करणारा. बोलायची वेळ ब्रीफमध्येच लिहा, सकाळी 11 ते 12 म्हणा.

पैसे कधी द्यायचे

"50 टक्के आधी, 50 टक्के काम झाल्यावर" यातलं "काम झाल्यावर" कोण ठरवणार? तुम्हाला कोडिंग येत नाही, त्याला क्लास चालवणं माहीत नाही. म्हणून प्रत्येक हप्त्यापुढे अशी तपासणी लिहायची, जी तुम्ही स्वतः, फोन हातात घेऊन, पाच-दहा मिनिटांत करू शकाल. एकूण 60 हजार धरू.

पहिले 9 हजार स्क्रीनची चित्रं मान्य झाल्यावर. रक्कम छोटी आहे पण ती अडवू नका. त्याने एक आठवडा तुमच्यासाठी खर्च केलेला असतो, आणि इथेच पटलं नाही तर दोघं कमी नुकसानीत वेगळे होता.

दुसरे 15 हजार हजेरीचा भाग चालल्यावर. तपासणी अशी: शिक्षकांचा सगळ्यात जुना फोन घ्या. एअरप्लेन मोडवर टाका. 30 नावांची हजेरी घ्या. फोन बंद करून पुन्हा चालू करा. नेट सुरू करा. 2 मिनिटांत तीच हजेरी सरांच्या फोनवर दिसली पाहिजे. दिसली तर पैसे.

तिसरे 15 हजार मेसेजसाठी. खऱ्या पालकांवर प्रयोग करायचा नाही. पाच खोटी नावं, पुढे घरचे पाच नंबर. त्यातल्या दोन नावांसमोर एकच नंबर घाला, बहिणींची अडचण लगेच कळेल. एकाला 5.13 ला हजर करा, त्याचा मेसेज जाता कामा नये. एकाला 5.30 ला उशिरा करा, दोन मेसेज आले पाहिजेत. मग फोन तासभर नेटशिवाय ठेवा आणि नंतर नेट सुरू करा. त्या वेळी मेसेज गेला तर हप्ता थांबला.

चौथे 15 हजार चाचणीनंतर. 12 दिवस एका बॅचची हजेरी वहीतही घ्यायची आणि अ‍ॅपवरही. वही एक शिक्षक भरतील, अ‍ॅप दुसरे. रोज रात्री ताडून बघायचं. फरक येणारच. प्रत्येक फरकापुढे कारण लिहायचं: शिक्षकाची चूक, की अ‍ॅपची? अ‍ॅपच्या सगळ्या चुका दुरुस्त झाल्या की पैसे. शिक्षकांच्या चुकांसाठी डेव्हलपरचे पैसे अडवायचे नाहीत, पण एकच चूक तिघांकडून झाली तर बटण चुकीच्या जागी आहे असं समजा आणि ते हलवायला सांगा.

उरलेले 6 हजार 15 जुलैला, सगळ्या बॅचेस महिनाभर चालल्यावर. ही रक्कम याहून मोठी ठेवावी असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत उलटं आहे. शेवटचा हप्ता फार मोठा असला की डेव्हलपर तो आधीच दरात चढवून सांगतो, किंवा मधेच दुसरं काम धरतो.

सर्व्हर आणि एसएमएसचा खर्च या 60 हजारांत धरू नका. ती खाती सरांच्या नावाने, सरांच्या कार्डवर. दर महिन्याला येणारं बिल डेव्हलपरच्या खात्यावर असलं तर तो नंबर बदलेल त्या दिवशी तुमची हजेरीही बंद.

कोड कोणाचा?

"पैसे मी दिले म्हणजे अ‍ॅप माझं" हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे सॉफ्टवेअरचा कोड हे लेखनासारखंच धरलं जातं. पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो, पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही. त्याने लिहिलेल्या कोडचा पहिला हक्कदार तोच असतो, जोपर्यंत तो लेखी आणि सही करून तो हक्क तुम्हाला देत नाही. फोनवरचं "हो सर, तुमचंच आहे" याला अर्थ नाही. त्यातही बारकावा आहे. हक्क किती काळासाठी दिला हे कागदावर लिहिलं नसेल, तर कायदा 5 वर्षंच धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरताच धरतो. म्हणून ब्रीफमध्ये ही ओळ टाका आणि करारात ती पक्की करून घ्या:

"चौथा हप्ता मिळाल्यावर या अ‍ॅपच्या कोडचे सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी क्लासच्या मालकाकडे जातील. डेव्हलपरने आधीच तयार केलेले किंवा सर्वांसाठी मोफत असलेले भाग याला अपवाद, पण ते वापरायची परवानगी क्लासला कायम राहील."

दुसरं वाक्य डेव्हलपरच्या बाजूचं आहे, आणि रास्त आहे. त्याने दहा कामांत वापरलेला लॉगिनचा भाग तो तुम्हाला विकून टाकू शकत नाही. यासोबत, कोड ठेवायचं ऑनलाइन खातं पहिल्या दिवसापासून सरांच्या नावावर उघडा आणि दर शनिवारी त्या आठवड्याचं काम तिथे चढवायला सांगा. ते वाचता नाही आलं तरी चालेल. तारीख बघता येते, आणि मधेच माणूस गायब झाला तर दुसऱ्याला देता येतं.

शेवटचा मुद्दा मुलांच्या माहितीचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. जूनच्या प्रवेश फॉर्मवर त्यासाठी एक परिच्छेद आणि सहीची जागा आत्ताच करून ठेवा. आणि डेव्हलपरला 170 मुलांची खरी यादी एप्रिलमध्ये देऊ नका. चाचणी सुरू होईपर्यंत त्याला खोटी नावंच पुरतात. 11 मेला त्या एका बॅचची यादी द्या, बाकीच्या जूनमध्ये सर स्वतः भरतील. काम संपल्यावर त्याच्या लॅपटॉपवरच्या प्रती पुसल्या, असा एक ईमेल त्याच्याकडून घ्या, 15 जुलैच्या हप्त्याआधी.

हे सगळं मिळून टाईप केलेली दोन-अडीच पानं होतात. तिघा डेव्हलपरना हीच पानं पाठवा आणि दरासोबत एक गोष्ट मागा: "यातलं तुम्हाला काय अवघड वाटतं आणि काय कळलं नाही, ते लिहून पाठवा." ज्याच्याकडून नुसता आकडा येईल त्याला बाजूला ठेवा. जो विचारेल, "सर, रविवारी जादा तास घेतला तर 5.20 चा नियम कसा लावायचा?" त्याला फोन करा, सकाळी 11 ते 12 मध्ये.